विषय : आईच्या नावाच्या नोंदीबाबत

जानेवारीतल्या एका संध्याकाळी श्रावणी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. हातात एक छापील कागद होता.

"आई, ही मंगल कोण?"

मी एका ब्लाउजला बाही लावत होते. पाय पायडलवरच थांबला. ह्या घरात मला त्या नावाने हाक मारणारं कुणी नाही.

नववीच्या वर्गशिक्षिकांनी प्रत्येक मुलाची शाळेत असलेली माहिती छापून घरी पाठवली होती. पुढच्या वर्षी दहावीच्या बोर्डाचा फॉर्म ह्याच माहितीवरून भरला जाणार, तेव्हा पालकांनी नीट वाचावं, चूक असली तर कळवावं आणि सही करून कागद परत पाठवावा, असं खाली लिहिलं होतं. श्रावणीचं नाव बरोबर होतं, वडिलांचं बरोबर होतं, जन्मतारीखही बरोबर. आईचे नाव ह्या रकान्यात मात्र 'मंगल' होतं.

मंगल म्हणजे मीच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच नाव आहे. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने 'वैशाली' असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि मी वैशाली झाले. पुढे रेशनकार्ड, मतदान कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळं त्याच नावाने झालं. श्रावणीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातला फॉर्म ह्यांनी भरला, त्यामुळे तिच्या जन्मदाखल्यावरही वैशालीच आहे. मग शाळेत मंगल कुठून आली?

रात्रभर डोकं चालवल्यावर उलगडा झाला. २०१६ साली धाकट्याच्या बाळंतपणाला मी माहेरी होते आणि जरा जास्तच दिवस राहिले. श्रावणी सहा वर्षांची, म्हणून माझ्या वडिलांनी तिला तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत घातलं. मी बाळंतिणीच्या खोलीत होते. गुरुजींनी विचारलं असणार, आईचं नाव काय, आणि दादांनी सांगितलं असणार, मंगल. त्यांच्या लेकीचं नाव दुसरं काय सांगणार ते! वर्षभराने आम्ही सासरी परत आलो तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, त्यावर मंगल. तो दाखला इथल्या शाळेत गेला, चौथीनंतर तिथला दाखला हायस्कूलला गेला. ते पाचवीचं वर्ष कोरोनाचं, कागद मोबाईलवर फोटो काढून पाठवलेले. आठ-नऊ वर्षं तो एक शब्द एका रजिस्टरातून दुसऱ्यात उतरत गेला आणि आम्ही कुणी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तसं पाहायला गेलं तर प्रगतिपुस्तकावर आईचं नाव नसायचंच.

दुसऱ्या दिवशी श्रावणीने बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंडी चालत नाही, आईला मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज लिहायला सांग.

इथून खरी पंचाईत सुरू झाली.

मी दिवसभर लिहिते. मापवहीत गिऱ्हाइकाचं नाव, उंची १४, छाती ३६, बाही ५, पुढचा गळा साडेसहा, मागचा ८, अस्तर आहे का, हूक पुढे की मागे. त्यात कधी चूक होत नाही. पण सलग चार ओळी लिहून तपाहून जास्त काळ झाला होता. शेवटचं पत्र मी लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात आईला लिहिलं होतं. ते 'ती. आईस मंगलचा शि. सा. न.' असं सुरू होत होतं. दहावीत माझं गणित राहिलं, परत बसायचं म्हणता म्हणता लग्न ठरलं. शाळेला पत्र लिहायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखंच वाटलं मला. आपली शुद्धलेखनाची चूक बाई लाल पेनाने दाखवतील, आणि श्रावणीला वर्गात ऐकून घ्यावं लागेल, ही भीती.

जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले. 'प्रिय मॅडम' लिहिलं आणि खोडलं. मुख्याध्यापिका मला प्रिय कशाला असतील? 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, तेही बरं वाटेना. श्रावणी बाजूला अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आई, आमच्या पुस्तकात औपचारिक पत्र आहे, त्यात बघ ना." तिला मागणीपत्र आणि विनंतीपत्र असे दोन प्रकार आहेत. आमच्या वेळी पत्ता वरती उजवीकडे कोपऱ्यात लिहायचे आणि मजकूर पायरीपायरीने आत सरकायचा. आता सगळं डाव्या कडेला एका रेषेत असतं. आधी दिनांक, मग प्रति, मग विषय, मग महोदय, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता शेवटी, त्याखाली ई-मेल. मला ई-मेल नाही. श्रावणी म्हणाली की परीक्षेत तो लिहिला नाही तर गुण जातात. मी फोन नंबर लिहिला.

त्या नमुन्याच्या शेवटी 'आपली कृपाभिलाषी' असं होतं. हा शब्द मी तीनदा वाचला. कृपा कळते, अभिलाषी म्हणजे काय? इच्छा करणारी, असं श्रावणीने सांगितलं. तेव्हा मला जरा राग आला. रजिस्टरातली नोंद बरोबर करून हवी, एवढंच तर मागणं होतं. त्यात कृपा कसली?

पहिला मजकूर दीड पान झाला. त्यात माझं बाळंतपण आलं, दादा आले, तांदळाचं ताट आलं, कोरोना आला, ह्यांचा टेंपो आणि त्याचं कर्ज आलं. वाचून दाखवला तर श्रावणी हसायला लागली. "आई, ही गोष्ट झाली. ह्यात पाहिजे काय, तेच शेवटी आलंय." पोरगी खरं बोलत होती. ब्लाउज शिवायला आलेली बाई आधी अर्धा तास भावाच्या लग्नाचं सांगते आणि मग म्हणते, गळा जरा मोठा करा. मी तेच केलं होतं.

म्हणून सकाळी शेजारच्या तात्यांकडे गेले. तात्या कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देण्याचं काम करायचे, आता घरीच असतात. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एका दमात लिहून काढलं. सुरुवात होती, 'मेहेरबान मुख्याध्यापिका साहेब यांचे सेवेशी'. पुढे 'मी खाली सही करणार', 'सदर', 'उपरोक्त', 'सबब', आणि शेवटी 'तरी मेहेरबानांनी मज गरिबावर दया करून'. विषय लिहिला होता, 'पाल्याच्या आईचे नाव बदलून मिळणेबाबत'.

मला त्यातलं अर्धं कळलं नाही. पण तेच बरोबर असणार असं वाटलं. न कळणारी भाषा ती हापिसची, हे डोक्यात बसलेलं असतं ना. 'मज गरिबावर' एवढं मात्र मी काढून टाकलं. बाकी सगळं माझ्या अक्षरात उतरवलं आणि खाली सही केली, 'सौ. वैशाली'. दुकानाच्या पावतीवर करते तशीच.

शाळेत गेले तेव्हा मधली सुट्टी होती. मुख्याध्यापिका मीटिंगला गेल्या होत्या. व्हरांड्यातल्या शिपाई मामांनी कागद घेतला, "ठेवतो टेबलावर, ताई" म्हणाले. मी परत आले आणि ब्लाउज शिवायला बसले. काम झालं असं मला वाटलं.

तीन आठवडे काहीच नाही. श्रावणी रोज विचारून यायची, बाई म्हणायच्या ऑफिसात विचार, ऑफिसात म्हणायचे आईला पाठव. शेवटी दुकान बंद ठेवून गेले. क्लार्क सरांनी फाइल उघडली, दुसरी उघडली, आवक नोंदवहीत बोट फिरवलं. माझा अर्ज कुठेच नव्हता.

"पोच आहे का तुमच्याकडे?"

"पोच?"

"अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक आम्हाला द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन आपल्याकडे ठेवायची. नाहीतर तुम्ही दिला होता हे मी कसं म्हणू?"

मी गप्प. कापड टाकायला आलेल्या प्रत्येक बाईला मी पावती देते, वर 'पावतीशिवाय माल मिळणार नाही' अशी पाटी लावली आहे. आणि स्वतः मात्र मोकळ्या हाताने परत आले होते.

कच्चा मजकूर पिशवीतल्या वहीत होता, तो दाखवला. सरांनी विषयाची ओळ वाचली आणि बोट ठेवलं. "बदलून? बरं झालं हरवला. हा अर्ज पुढे गेला असता तर परत आला असता."

मला वाटलं माझं शुद्धलेखन चुकलं. ते तसं नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. नाव बदलणं ही एक गोष्ट आहे आणि नोंद दुरुस्त करणं ही दुसरी. आधी एक नाव होतं आणि आता दुसरं घ्यायचं आहे, तर तो बदल. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून आणावं लागतं आणि मग त्या राजपत्राच्या आधारे पुढचं होतं. पण मूळ कागदावर एक नाव आहे आणि शाळेने रजिस्टरात दुसरंच लिहिलंय, तर ती दुरुस्ती. श्रावणीचा जन्मदाखला २०१० चा, त्यावर आईचं नाव वैशाली. शाळेतली नोंद २०१६ ची. म्हणजे शाळेत आली तेव्हा तिच्या आईचं कागदोपत्री नाव वैशालीच होतं. "तुम्हाला तुमचं नाव बदलायचं नाहीये ताई, आमची नोंद दुरुस्त करून हवीये. तुम्ही लिहिलंत बदल, तर वाचणारा विचारणार, राजपत्र कुठाय?"

एका शब्दाने अर्ज दुसऱ्याच खिडकीला गेला असता. माझ्या धंद्यात 'अल्टर' आणि 'नवीन शिवणे' ह्यात जेवढा फरक, तेवढा हा. बाईने नुसतं 'ब्लाउजचं बघा' म्हणून चालत नाही.

सर मोकळे होते म्हणून असेल किंवा मी रडवेली दिसत होते म्हणून असेल, त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. मोठं, कापडी बांधणीचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. एका मुलाची नोंद उघड्या दोन पानांवर आडवी जाते. रजिस्टर क्रमांक, संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, आणि अगदी शेवटी शेरा. श्रावणीच्या ओळीत निळ्या शाईत मंगल लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. 'ग' ला छान वळण होतं.

"ह्याच्यावर नुसता पेन फिरवता नाही का येणार?" मी विचारलं.

ते हसले. ह्या रजिस्टरातली नोंद मुख्याध्यापकसुद्धा आपल्या मनाने बदलू शकत नाहीत. पालकांचा अर्ज आणि कागद जोडून शाळा प्रस्ताव करते, तो जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून मंजुरीचं पत्र आलं की मगच पेन लावायचा. आणि हे मुलगी शाळेत आहे तोवर करायचं. एकदा दाखला घेऊन बाहेर पडली की रजिस्टरला हात लावणं फार अवघड होऊन बसतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नावाखाली आईचं नाव वेगळं छापतात. ती मंगलच्या नावाने छापून आली असती, तर पुढे प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक फॉर्मला हा प्रश्न उभा राहिला असता.

हे ऐकताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असं लावायचं शासनाने ठरवलं, ते मी टीव्हीवर ऐकलं होतं आणि बरं वाटलं होतं. माझ्यासारखीच्या बाळाच्या नावात मग कोणतं लावतील, माहेरचं की सासरचं, असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा आला.

सरांनी एका चिठ्ठीवर कागद लिहून दिले. मुलीचा जन्मदाखला, तिचं आणि माझं आधार, रेशनकार्ड, पहिल्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा, कारण मूळ नोंद तिथली, आणि मंगल व वैशाली ही एकाच बाईची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र. त्या शेवटच्या कागदासाठी माझा स्वतःचा शाळेचा दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला लागला. विवाह नोंदणीत 'वधूचे विवाहापूर्वीचे नाव' असं लिहिलेलं असतं, म्हणून तो कागद मोठा कामाचा. आमची नोंदणी लग्नानंतर तीन वर्षांनी ह्यांनी कटकट करत केली होती. आता त्या कटकटीचं कौतुक वाटतं.

उतारा आणायला माहेरी गेले. तिथेही अर्ज द्यावा लागला, पण तो मी शाळेच्या कट्ट्यावर बसून पाच ओळींत लिहिला. विषय एकच, उतारा मिळणेबाबत, त्यामुळे कुठे अडलं नाही. दोन प्रती केल्या. गुरुजींनी न मागता पोच दिली. दादा बाहेर थांबले होते. ते सारखं म्हणत होते, "माझ्यामुळं झालं गं हे सगळं." मी म्हटलं, तुम्ही खोटं थोडंच सांगितलंत.

आता मोठा अर्ज. कागद तयार होते, मजकूर मात्र मलाच लिहायचा होता. ह्या वेळी तात्यांकडे गेले नाही. आधी मापवहीत करते तसं केलं. पानावर फक्त लागणाऱ्या गोष्टी एकाखाली एक लिहिल्या. कोणाची मुलगी, कुठल्या वर्गात, रजिस्टर क्रमांक किती, आत्ता काय लिहिलंय, काय पाहिजे, कशावरून. एवढंच कापड, ह्यातच बसवायचं.

तरी तीन ठिकाणी अडले.

पहिलं, स्वतःचं नाव. 'सौ.' लावायचं का? सरांना आधीच विचारून ठेवलं होतं. आधारवर सौ. नाही, जन्मदाखल्यावर नाही, म्हणजे अर्जातही नको. जे नाव कागदावर आहे तेच अक्षर न् अक्षर लिहायचं. सासूबाईंना हे पटलं नाही. नवरा धडधाकट असताना सौ. का सोडायचं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सौ. तुमच्या घरात आहेच, शाळेच्या रजिस्टरात तेवढं नको.

दुसरं, 'पाल्य'. तात्यांच्या अर्जात होता म्हणून मीही 'माझी पाल्य' लिहिलं. मग वाटलं, माझा पाल्य की माझी पाल्य की माझं पाल्य? श्रावणीलाही ठाम सांगता येईना. शेवटी 'माझी मुलगी' लिहिलं. ते कुणालाही कळतं आणि त्यात चुकायलाही काही नाही.

तिसरं सगळ्यात अवघड होतं. मंगल हे नाव चुकीचं आहे, असं लिहायला हात धजेना. लग्नापर्यंत मी त्या नावाने वाढले. हजेरीत त्या नावाला 'हजर' म्हटलं. आणि चूक कुणाची लिहायची? 'माझ्या वडिलांनी चुकीचे नाव सांगितले' असं लिहून पाहिलं आणि लगेच खोडलं. कागदावर ते वाक्य दादांना गुन्हेगार केल्यासारखं दिसत होतं. 'गुरुजींनी चुकीचे लिहिले' हेही खरं नव्हतं, त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. मग तात्यांचा जुना अर्ज परत काढून पाहिला. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या हापिसच्या भाषेत कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं. झाले आहे, आढळून आले, नोंदविले गेले. आधी मला ती भाषा राग आणणारी वाटायची. त्या रात्री पहिल्यांदा तिचा उपयोग कळला. 'नोंदवले गेले' लिहिलं की नोंद कुणी केली ते सांगावं लागत नाही, आणि ते खोटंही ठरत नाही.

अर्ज शेवटी असा झाला.

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : जनरल रजिस्टरमधील आईच्या नावाच्या नोंदीत दुरुस्ती होणेबाबत.

महोदया,

माझी मुलगी श्रावणी आपल्या शाळेत इयत्ता नववी ब मध्ये शिकत आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिच्या आईचे नाव 'मंगल' असे आहे. ते माझे विवाहापूर्वीचे नाव आहे. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी ते अनवधानाने नोंदवले गेले आणि पुढील दाखल्यांवर तसेच आले.

मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव 'वैशाली' असे आहे. माझ्या आधार कार्डवर व रेशनकार्डवरही तेच नाव आहे. तरी जन्मदाखल्याप्रमाणे नोंदीत दुरुस्ती होण्यासाठी प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा, ही विनंती. मुलगी पुढील वर्षी दहावीला असल्याने बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्ती होणे आवश्यक आहे.

आवश्यक कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,

खाली सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन. रजिस्टर क्रमांक विषयाखाली वेगळ्या ओळीत. जोडलेल्या कागदांची यादी क्रमांक घालून, कारण सर म्हणाले होते की एखादा कागद गळला तर यादीवरून कळतं. कृपाभिलाषी लिहिलं नाही. 'अनवधानाने' मात्र श्रावणीला विचारून लिहिलं आणि 'न' आणि 'ण' साठी तिच्याकडून दोनदा तपासून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गेले. मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज वाचला. मला वाटलं आता काहीतरी विचारतील, इतका वेळ त्या पानाकडे बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला."

"बरं." आणि कोपऱ्यात तिरकं काहीतरी लिहून सही केली. बाहेर येऊन पाहिलं तर 'प्रस्ताव सादर करावा' असं होतं. क्लार्क सरांनी माझ्या प्रतीवर गोल शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली. ती प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मापवह्यांच्या कप्प्यात ठेवली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. एकदा प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स पुसट आली म्हणून परत द्यावी लागली. मे महिना सुट्टीत गेला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दर पंधरा दिवसांनी मी जात होते, पोच दाखवत होते, आणि सर 'अजून नाही आलं ताई' म्हणत होते. आधी मला असं विचारायला जायची लाज वाटायची. कागद हातात असल्यावर वाटत नाही.

जुलैच्या शेवटी श्रावणी निरोप घेऊन आली, मंजुरीचं पत्र आलंय, सही करायला बोलावलंय. मी तिला घेऊनच गेले. सरांनी तेच मोठं रजिस्टर टेबलावर उघडलं. लाल पेन घेतला आणि मंगलवर एकच आडवी रेघ मारली.

"नीट खोडा ना सर," श्रावणी म्हणाली, "अजून वाचता येतंय."

"वाचता आलंच पाहिजे. इथे गिरगटून खोडायची परवानगी नाही, पांढरी शाई तर अजिबात नाही. आधी काय होतं ते दिसलं पाहिजे."

रेघेच्या वर त्यांनी लाल अक्षरात वैशाली लिहिलं. मग पानाच्या शेवटी शेऱ्याच्या रकान्यात मंजुरीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख बारीक अक्षरात उतरवली आणि मुख्याध्यापिकांच्या सहीसाठी रजिस्टर आत पाठवलं.

सही होऊन येईपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. श्रावणी म्हणाली, "मंगल पण छान होतं गं. कशाला बदललंत?"

"बदललं नाही," मी म्हटलं, "दुरुस्त केलं."

तेवढ्यात शिपाई मामा रजिस्टर घेऊन बाहेर आले.